तीन तुकड्या, तीन शिक्षक आणि ग्रेडचा फरक: काय-स्क्वेअर बरोबर लावलाय का?

समन्वयक_बापडा

नमस्कार मंडळी. एका विषयाच्या तीन तुकड्या आहेत. प्रत्येक तुकडीला वेगळा शिक्षक, पण पेपर तिघांचा एकच. उत्तरपत्रिका मात्र ज्याने त्याने आपापल्या तुकडीच्या तपासल्या. निकाल लागल्यावर दुसऱ्या तुकडीतली मुलं माझ्याकडे आली, "आमचे सर कडक तपासतात, पहिल्या तुकडीत ए ची खैरात झालीय." समन्वयक मीच असल्याने हे गळ्यात पडलं.

ग्रेडची टक्केवारी काढली आणि काय-स्क्वेअर लावला. उत्तर १८.०९, डिग्री ऑफ फ्रीडम ८, पी-व्हॅल्यू ०.०२. म्हणजे फरक आहे, बरोबर? दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांकडून लेखी खुलासा मागवायचं वरून चाललंय. पत्राचा मसुदा तयार आहे. त्याआधी इथल्या जाणकारांनी एकदा नजर टाकावी.

| तुकडी | ए | बी | सी | डी | एफ |
|---|---|---|---|---|---|
| पहिली | ३२.५ | ३२.५ | २२.५ | ७.५ | ५ |
| दुसरी | १४ | २६ | ३४ | १२ | १४ |
| तिसरी | १६.७ | ३१.७ | ३१.७ | १० | १० |

कोरावही

ग्रेड नॉर्मल असायला हव्यात. मधे सी जास्त, दोन्ही टोकांना कमी, घंटेसारख्या. पहिल्या तुकडीत ए आणि बी सारखेच आहेत, म्हणजे तिथेच गडबड. काय-स्क्वेअर हेच सांगतो ना, की वितरण नॉर्मल आहे का?

झटपटराव

समन्वयक, तुमची डिग्री ऑफ फ्रीडम चुकली आहे. पंधरा चौकटी आहेत, त्यातून एक वजा, म्हणजे १४. १४ ला ५ टक्क्यांची सीमा २३.६८ आहे. तुमचं १८.०९ त्याच्या खाली राहतं. फरक नाही, विषय संपला. पत्र फाडा.

तिरपीरेघ

झटपटराव, पत्र फाडायला माझीही ना नाही, पण कारण वेगळं आहे. डिग्री ऑफ फ्रीडम आठच.

समन्वयक, तक्त्यातली प्रत्येक ओळ १०० भरते आहे. चाचणीला तुम्ही टक्के दिलेत की मुलांची संख्या? टक्के दिले असतील तर चाचणीला वाटलं की तीनशे मुलं आहेत. प्रत्यक्षात किती होती? कच्चे आकडे टाका.

समन्वयक_बापडा

टक्केच दिले. तुकड्या लहानमोठ्या आहेत, ४०, ५० आणि ६०. म्हटलं सगळ्यांना एका पातळीवर आणल्याशिवाय तुलना कशी करणार. हे घ्या कच्चे आकडे. गैरहजर मुलं यात धरलेली नाहीत.

| तुकडी | ए | बी | सी | डी | एफ | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| पहिली | १३ | १३ | ९ | ३ | २ | ४० |
| दुसरी | ७ | १३ | १७ | ६ | ७ | ५० |
| तिसरी | १० | १९ | १९ | ६ | ६ | ६० |
| एकूण | ३० | ४५ | ४५ | १५ | १५ | १५० |

तिरपीरेघ

इथेच मेख आहे. एका पातळीवर आणायचं काम चाचणी स्वतःच करते, आपण आधी करायचं नसतं. एकदा हाताने करून बघू, म्हणजे डोक्यात बसेल.

तिन्ही तुकड्यांत ग्रेड सारख्याच प्रमाणात पडल्या असत्या तर काय दिसलं असतं, एवढाच प्रश्न आहे. १५० पैकी ३० जणांना ए, म्हणजे पाचातल्या एकाला. मग ४० जणांच्या तुकडीत ८ ए अपेक्षित, ५० च्या तुकडीत १० आणि ६० च्या तुकडीत १२. तुकडी लहान की मोठी याचा हिशेब इथेच लागला, वेगळे टक्के कशाला? बाकीचे रकाने याच रीतीने. पहिल्या तुकडीचे अपेक्षित आकडे येतात ८, १२, १२, ४, ४. दुसरीचे १०, १५, १५, ५, ५. तिसरीचे १२, १८, १८, ६, ६.

आता प्रत्येक चौकटीत मिळालेल्या आकड्यातून अपेक्षित वजा करा, वर्ग करा, अपेक्षिताने भागा. पहिल्या तुकडीतले ए: १३ वजा ८ म्हणजे ५, वर्ग २५, भागिले ८, म्हणजे ३.१३. सगळ्या तक्त्यातली सर्वात जड चौकट हीच. पहिल्या तुकडीची पूर्ण ओळ ५.२१ देते, दुसरी २.४३, तिसरी जेमतेम ०.४४. बेरीज ८.०९.

८ डिग्री ऑफ फ्रीडमला सीमा १५.५१ आहे. ८.०९ तिच्या जवळपासही नाही. पी-व्हॅल्यू ०.४३.

तुमचे १८.०९ आले कारण १५० मुलांची तुम्ही ३०० केलीत. प्रमाणं तीच ठेवून मुलं दुप्पट केली की काय-स्क्वेअरही बरोबर दुप्पट होतो. टक्क्यांमुळे शिवाय ४० ची तुकडी ६० च्या तुकडीइतकी वजनदार झाली, आणि फरक नेमका त्या ४० च्या तुकडीत आहे, म्हणून दुपटीच्याही थोडं वर गेलं. न बसलेल्या दीडशे मुलांच्या साक्षीवर तुम्ही एका माणसाकडून खुलासा मागणार होतात.

समन्वयक_बापडा

बाप रे. मसुदा आधी ड्राफ्टमध्ये होता, आता कचऱ्यात गेला.

झटपटराव

टक्क्यांचं पटलं. पण आठ का? पंधरा चौकटी डोळ्यांना दिसताहेत.

तिरपीरेघ

दिसताहेत, पण मोकळ्या किती? तक्त्याच्या कडेच्या बेरजा झाकू नका, फक्त आतले आकडे पुसा. आता मी तुम्हाला पहिल्या आणि दुसऱ्या तुकडीच्या ए, बी, सी, डी एवढ्याच आठ चौकटी सांगते. त्या दोन तुकड्यांचे एफ ओळीच्या बेरजेतून निघतील, तिसरी तुकडी अख्खी रकान्यांच्या बेरजेतून निघेल. आठानंतर मला काही सांगावंच लागत नाही. अपेक्षित आकडे आपण याच बेरजांवरून काढले, म्हणून त्यांची किंमत मोजावी लागते.

वाईट वाटून घेऊ नका, ही चूक मोठ्या घरची आहे. कार्ल पिअर्सनने १९०० साली ही चाचणी मांडली, आणि अशा तक्त्यांसाठी तोही चौकटी वजा एक असंच धरत होता. फिशरने १९२२ मध्ये ते दुरुस्त केलं. पिअर्सनला ते मुळीच रुचलं नव्हतं.

कोरावही, तुमचा प्रश्न वेगळा आहे. एका तुकडीची ग्रेड एखाद्या ठरावीक साच्यात बसते का, हेही काय-स्क्वेअरनेच तपासता येतं, पण ते दुसरं काम. इथे साचा कोणताच नाही. तिन्ही तुकड्यांत सगळ्यांना ए मिळाले असते तरी फरक नाही असंच म्हणावं लागलं असतं.

कोरावही

अच्छा. म्हणजे तुकड्या एकमेकींशी ताडून बघायच्या, घंटेशी नाही. माझी गल्ली चुकली.

झटपटराव

बरं, आठ मान्य. पण एक अडचण राहतेच. ५ पेक्षा लहान आकडे असतील तर काय-स्क्वेअर चालत नाही. पहिल्या तुकडीत ३ आणि २ आहेत. डी आणि एफ एकत्र करायलाच हवेत. मी हे R मध्ये चालवलं, त्यानेही हटकलं:

```r
g <- rbind(c(13,13,9,3,2),
           c(7,13,17,6,7),
           c(10,19,19,6,6))
chisq.test(g)
# X-squared = 8.0861, df = 8, p-value = 0.4251
# Warning: Chi-squared approximation may be incorrect
```

तिरपीरेघ

अर्धं बरोबर. ५ ची अट मिळालेल्या आकड्यांना नाही, अपेक्षित आकड्यांना आहे. अपेक्षितांत ५ च्या खाली दोनच चौकटी आहेत, पहिल्या तुकडीतले डी आणि एफ, दोन्हीकडे ४. पंधरातल्या दोन. कॉक्रनचा प्रचलित दंडक असा की ५ च्या खालच्या चौकटी एकपंचमांशाहून जास्त नकोत आणि १ च्या खाली एकही नको. आपण दोन्हीत बसतो. R एकही अपेक्षित आकडा ५ च्या खाली दिसला की ओरडतो, जरा भित्रा आहे. शंका असेल तर `chisq.test(g, simulate.p.value = TRUE, B = 10000)` करा, तो बेरजा तशाच ठेवून दहा हजार तक्ते टाकून बघतो. निष्कर्ष हलत नाही.

डी-एफ एकत्र केलेत तर ७.८६ येतं, ६ डिग्री ऑफ फ्रीडम, पी ०.२५. तेही तसंच. पण तुमच्या मुलांची तक्रारच नापासांबद्दल असती तर एफला डी मध्ये बुडवणं म्हणजे तक्रारच बुडवणं. एकत्र करायचं तर निकाल बघण्याआधी ठरवायचं.

निळीशाई

माझीही एक केस मधेच टाकते, रागावू नका. आमच्याकडे प्रत्येक तुकडीत वरच्या दहा टक्क्यांना ए, पुढच्या वीसना बी, असं सापेक्ष ग्रेडिंग आहे. शिक्षकांतला फरक मोजायचा म्हणून मीही तीन तुकड्या आणि पाच ग्रेड घेऊन हेच केलं. काय-स्क्वेअर ०.६ आला. माझ्या वरिष्ठांनी बैठकीत सांगितलं, "बघा, आपले तिघंही शिक्षक किती एकसारखे तपासतात." ते नोंदलंही गेलं. मला तेव्हापासून काहीतरी खटकतंय.

तिरपीरेघ

खटकायलाच हवं. ८ डिग्री ऑफ फ्रीडमला काय-स्क्वेअर सरासरी ८ च्या आसपास रेंगाळतो. नुसत्या योगायोगावर सोडलं तर ०.६ किंवा त्याहून कमी दहा हजारांत तीनेक वेळाच येईल. इतकं साम्य निसर्गात मिळत नाही, ते पाडलेलं असतं. तुमच्याकडे नियमानेच पाडलंय. प्रत्येक तुकडीत किती ए ते आधीच ठरलेलं, मग चाचणीने मोजलं काय? टक्केवारी पूर्णांकात बसवताना झालेली खाडाखोड, एवढंच. शिक्षक सैल आहे की कडक, हे त्या ग्रेडमधून कधीच दिसणार नाही. मूळ गुण घ्यावे लागतील.

फिशरने १९३६ मध्ये मेंडेलच्या वाटाण्यांच्या आकड्यांवर याच बाजूने बोट ठेवलं होतं, अपेक्षेशी फारच छान जुळतात म्हणून. काय-स्क्वेअर खूप लहान आला तरी थबकायचं असतं, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

निळीशाई

म्हणजे बैठकीत आम्ही आमच्याच नियमाचं अभिनंदन केलं. छान.

समन्वयक_बापडा

माझ्याकडे सापेक्ष नाही, ठरलेल्या गुणांना ठरलेली ग्रेड. मग मुलांना काय सांगू? "चाचणी लावली, फरक नाही, जा"? कारण खरं सांगतो, ३२.५ टक्के ए आणि १४ टक्के ए हे आकडे शेजारी ठेवले की माझ्याच्याने "फरक नाही" म्हणवत नाही.

खडूस_परीक्षक

पी ०.४३ चा अर्थ फरक नाही असा नसतोच. एवढ्या मुलांत एवढा फरक योगायोगानेही सहज पडू शकतो, इतकाच. दीडशे पोरांच्या तक्त्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. "पुरावा पुरेसा नाही" असं लिहा आणि झोपा.

तिरपीरेघ

खडूस, शब्दरचना मान्य, पण समन्वयकांच्या डोळ्यांना जे दिसतंय ते अगदीच खोटं नाही. काय-स्क्वेअर त्याबाबतीत आंधळा आहे.

एक गंमत करा. वरच्या तक्त्यात रकाने हवे तसे अदलाबदल करा, आधी सी, मग एफ, मग ए, मग डी, मग बी. काय-स्क्वेअर काढा. पुन्हा ८.०९ च येईल, शेवटच्या दशांशापर्यंत. कारण ए हा बी पेक्षा वरचा आणि एफ सगळ्यात खालचा, हे त्याला ठाऊकच नाही. त्याच्या लेखी ए, बी, सी हे टोप्यांचे रंग आहेत.

आता तुमचा तक्ता पुन्हा क्रमाने वाचा, अपेक्षितापेक्षा जास्त की कमी एवढंच बघत. पहिली तुकडी: ए जास्त, बी जास्त, सी कमी, डी कमी, एफ कमी. दुसरी: ए कमी, बी कमी, सी जास्त, डी जास्त, एफ जास्त. एक तुकडी अख्खी वर सरकलीय, दुसरी अख्खी खाली. सगळे छोटे फरक एकाच दिशेला रांगेत उभे आहेत. काय-स्क्वेअर आठ दिशांनी शोधत बसतो आणि त्या रांगेकडे त्याचं लक्ष जात नाही. आठ दिशांना पुरेल एवढा फरक नाही म्हणून तो नाही म्हणतो.

क्रम जाणणारी चाचणी क्रस्कल-वॉलिस. सगळ्या दीडशे मुलांना ग्रेडनुसार एकाच रांगेत लावायचं, सारख्या ग्रेडवाल्यांना सारखा सरासरी क्रमांक द्यायचा, आणि तुकडीवार सरासरी क्रमांक बघायचा.

```r
x <- rep(rep(5:1, 3), c(t(g)))
s <- rep(1:3, rowSums(g))
kruskal.test(x, s)
```

सरासरी क्रमांक: पहिली ८९.९, दुसरी ६६.४, तिसरी ७३.५. मोठा क्रमांक म्हणजे वरची ग्रेड. फरक नसता तर तिघींचा ७५.५ च्या आसपास आला असता. H येतो ७.२२, डिग्री ऑफ फ्रीडम दोनच, पी ०.०२७.

समन्वयक_बापडा

थांबा थांबा. म्हणजे माझं ०.०२ चुकीच्या रस्त्याने जाऊन बरोबर घरी पोचलं होतं?

तिरपीरेघ

घर शेजारचं होतं, आकडा सारखा दिसला हा योगायोग. ते ०.०२ खोट्या मुलांमुळे आलं, हे ०.०२७ क्रमामुळे.

खडूस_परीक्षक

आणि आता माझा आक्षेप. आधी एक चाचणी लावली, ०.४३ आलं, आवडलं नाही. दुसरी लावली, ०.०२७ आलं, आवडलं. उद्या कोणी "फक्त ए विरुद्ध बाकी सगळे" असं करेल आणि तिसरा आकडा आणेल. हवं ते उत्तर येईपर्यंत चाचण्या बदलायच्या, तर मग चाचणी कशाला? नुसतं मत लिहा की.

झटपटराव

दोन चाचण्या केल्या तर पी ला दोनने गुणायचं. ०.०२७ दुणे ०.०५४. पाचाच्या वर. पुन्हा फरक नाही. 😀

तिरपीरेघ

"फक्त ए विरुद्ध बाकी" मी करून पाहिलं होतं, खडूस म्हणणार हे माहीत होतं. काय-स्क्वेअर ५.४५, दोन डिग्री, पी ०.०६६. म्हणजे याच दीडशे मुलांतून माझ्याकडे आता ०.४३, ०.२५, ०.०६६ आणि ०.०२७ असे चार आकडे झाले. आक्षेप खोटा म्हणत नाही.

पण चारही प्रश्न एकाच तोलाचे नाहीत. ग्रेडला क्रम असतो ही गोष्ट निकालानंतर शोधून काढलेली नाही, ती निकालाआधीही खरी होती. आणि मुलांची तक्रार "आमची ग्रेड वेगळी पडली" अशी नव्हती, "आमची खाली पडली" अशी होती. मला पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर मी क्रमवालीच सुचवली असती. पण विचारलं नव्हतं, हेही खरं. म्हणून माझ्या मते दोन्ही निकाल लिहावेत आणि कोणता आधी केला तेही लिहावं. झटपटरावांचा गुणाकार कागदावर चालतो, पण दोन्ही चाचण्या एकाच आकड्यांवरच्या असल्याने तो जरा जास्तच कडक पडतो. आणि ०.०५४ म्हणजे नाही, ०.०४९ म्हणजे हो, हे मी तरी कुणाच्या नोकरीच्या कागदावर लिहिणार नाही.

खडूस_परीक्षक

दोन्ही लिहिणार असाल तर माझी तक्रार अर्धी. उरलेली अर्धी तशीच राहते.

समन्वयक_बापडा

वर जे बसलेत त्यांना H आणि पी कळणार नाही. साध्या भाषेत फरक किती मोठा ते सांगायचं असेल तर?

तिरपीरेघ

पहिल्या तुकडीतला एक आणि दुसऱ्या तुकडीतला एक, अशा जोड्या लावा. ४० गुणिले ५०, २००० जोड्या. त्यातल्या १०८७ जोड्यांत पहिल्या तुकडीवाला वर आहे, ४४५ मध्ये दोघं बरोबरीत, ४६८ मध्ये दुसऱ्या तुकडीवाला वर. हे कोणालाही कळतं, आणि यात "सिद्ध झालं" असा सूरही लागत नाही.

पण समन्वयक, यापेक्षा मोठा प्रश्न तुम्ही अजून विचारलेला नाही. मुलं तुकड्यांत गेली कशी?

समन्वयक_बापडा

नोंदणीच्या क्रमाने. आधी आले ते पहिल्या तुकडीत. पहिली ४० वर बंद झाली कारण वर्गखोली लहान आहे. मग दुसरी भरली, मग तिसरी.

...लिहिता लिहिताच लक्षात आलं.

निळीशाई

पहिल्या दिवशी रांगेत उभी राहणारी मुलं पहिल्या तुकडीत. झालं की!

तिरपीरेघ

झालं असेलच असं नाही. नुसतं तसं असतं तर सगळ्यात शेवटी भरलेली तिसरी तुकडी सगळ्यात खाली दिसली असती. ती मधे आहे. पण शंका इतकी ठसठशीत आहे की ती बाजूला सारून शिक्षकाकडे बोट दाखवता येणार नाही.

तक्ता फार तर एवढं म्हणेल की ग्रेड वेगळ्या पडल्या. का, ते नाही. तीन शक्यता एकमेकींत मिसळलेल्या आहेत: मुलं मुळात वेगळी होती, शिकवणं वेगळं होतं, की तपासणं वेगळं होतं. मुलांची तक्रार तिसऱ्याबद्दल आहे, आणि तिसऱ्याबद्दल हा तक्ता एकटा काहीच बोलत नाही. एका शिक्षकाला एकच तुकडी असल्यामुळे तुकडी आणि शिक्षक वेगळे काढायला जागाच नाही. त्यातही एकाच वर्गात बसलेली मुलं एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात. एका प्रश्नाचं उत्तर शिक्षकाने फळ्यावर सोडवून दाखवलं असेल तर पन्नासही जण एकदम वर जातात. चाचणी मात्र प्रत्येकाला स्वतंत्र धरते, म्हणून तिची पी-व्हॅल्यू प्रत्यक्षापेक्षा लहानच येते. ०.०२७ वर फार भार टाकू नका असं म्हणते ते यासाठी.

पहिलं काम: याच मुलांच्या आधीच्या सत्राच्या ग्रेड काढा आणि तुकडीवार असाच तक्ता करा. दुसरं: उत्तरपत्रिका अजून हातात आहेत ना?

समन्वयक_बापडा

आहेत, कपाटात. आधीच्या सत्राचा तक्ता काल बसून केला. पहिली तुकडी तेव्हाही वरचढ होती, पण आताइतकी नाही. दुसरी आणि तिसरीत तेव्हा काही फरकच नव्हता, आता मात्र दुसरी मागे आहे. म्हणजे मुलांची तक्रार पूर्ण बाद करता येत नाही, आणि पूर्ण खरीही म्हणता येत नाही.

झटपटराव

मग उत्तरपत्रिका पुन्हा तपासून घ्या. सगळ्या दीडशे.

खडूस_परीक्षक

दीडशे पेपर पुन्हा कोण तपासणार, तुम्ही? प्रत्येक तुकडीतून पंधरा घ्या. पाच ग्रेडमधून सारखे घ्यायचे म्हटलं तर पहिल्या तुकडीत एफ दोनच आहेत, तेव्हा चिठ्ठ्या टाकूनच काढा. गठ्ठ्यातले वरचे पंधरा नकोत, गठ्ठे बहुधा बैठक क्रमांकाने लागलेले असतात. नाव आणि क्रमांक झाकून, आधीचे गुण झाकून झेरॉक्स काढा. मूळ प्रतीवर लाल शाईच्या खुणा दिसल्या की दुसरा परीक्षक नकळत तिकडेच झुकतो. मग पंचेचाळीस पेपर तिघांनीही तपासायचे, स्वतःच्या तुकडीचेसुद्धा.

तिरपीरेघ

हे आवडलं. आणि मग काय-स्क्वेअर लावू नका बरं का. तेव्हा एकाच पेपरला तिघांनी दिलेले गुण असतील, म्हणजे जोडलेले आकडे. प्रत्येक पेपरमागे एकाचे गुण वजा दुसऱ्याचे गुण, तो फरक बघायचा. ग्रेड मोजून तक्ता केलात तर तोच पेपर तीनदा मोजला जाईल, आणि पुन्हा टक्क्यांसारखीच न बसलेली मुलं तयार होतील.

समन्वयक_बापडा

तिघांशी बोललो. दोघं लगेच तयार झाले. तिसऱ्यांनी विचारलं, "हे कुणाच्या विरोधात आहे का?" त्यांना तो ८.०९ चा तक्ता दाखवला, मग क्रमवाला दाखवला. त्यांनी दोन्ही नीट वाचले आणि म्हणाले, "पाचव्या प्रश्नाला मी पायऱ्यांचे गुण देत नाही. बाकीचे दोघं देतात का, ते आधी विचारा."

विचारलं. देतात. आता पाचव्या प्रश्नाचे गुण वेगळ्या रकान्यात मांडायला घेतलेत.